मालकाचं मन आणि डॉक्टरांचा विश्वास: कुत्र्याच्या खाद्याचा ब्रँड बाजारात उभा करताना

कुत्र्याच्या खाद्याचा धंदा सुरू करणाऱ्या बहुतेकांची पहिली मीटिंग डिझायनरसोबत होते. पाकिटावर हसरा गोल्डन रिट्रीव्हर, खाली ‘प्रेमाने बनवलेलं’. मग एक दिवस ते पाकीट घेऊन तुम्ही पशुवैद्यकाच्या दवाखान्यात जाता. डॉक्टर ते उलटं करतात, मागची बारीक अक्षरं वाचतात आणि विचारतात, “यात १०० ग्रॅमला उष्मांक किती?” ती माहिती पाकिटावर नसते आणि सोबत आलेल्या मुलाकडेही नसते. तिथे भेट संपते.

उलट गोष्टही मी पाहिली आहे. एका पशुवैद्यकानंच काढलेलं उत्तम खाद्य होतं, पाकिटावर तक्तेच तक्ते. पेट शॉपमध्ये ते धूळ खात पडलं, कारण आपल्या कुत्र्याला ‘बाळ’ म्हणणाऱ्या बाईंना त्यात आपलं बाळ कुठेच दिसलं नाही.

पुण्यात अशा छोट्या ब्रँडचं काम करताना जे हाती लागलं ते इथे क्रमानं मांडतो. उदाहरणासाठी एकच काल्पनिक खाद्य शेवटपर्यंत वापरतो: नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यांचं कोरडं खाद्य.

१. मालक आणि डॉक्टर दोघंही जिथे अडतात असा एक प्रसंग निवडा

‘सर्व कुत्र्यांसाठी सर्वोत्तम पोषण’ ही जागा मोठ्या कंपन्यांनी केव्हाच घेतली आहे. आपल्याकडे कित्येक दुकानांत लोक आजही कुठलंही खाद्य ‘पेडिग्री’ म्हणूनच मागतात. तिथे नव्या माणसानं डोकं आपटू नये. दवाखान्यात रोज घडणारा आणि मालक व डॉक्टर या दोघांनाही नकोसा वाटणारा एखादा प्रसंग शोधा.

वजन हा तसा प्रसंग आहे. डॉक्टर म्हणतात, “ताई, याचं वजन फार वाढलंय.” ताई म्हणतात, “अहो डॉक्टर, तो खातोच कुठे!” घरी आजी जेवताना अर्धी पोळी टेबलाखाली सोडते, बाबा चहाबरोबर दोन बिस्किटं देतात, आणि यातलं काहीच कुणी ‘खाणं’ म्हणून मोजत नाही. डॉक्टरांनी जास्त ताणून धरलं तर ताई दुखावतात आणि पुढच्या वेळी दुसरा दवाखाना गाठतात. म्हणून बरेच डॉक्टर एकदा सांगून विषय सोडून देतात.

इथे मालकाची भावना आणि डॉक्टरांची व्यावसायिक गरज एकाच गाठीत अडकलेल्या आहेत. मालकाला खायला घालणं थांबवायचं नाही, कारण तीच त्याची माया करण्याची रीत आहे. डॉक्टरांना असं काहीतरी हवं आहे ज्यामुळे हे बोलणं भांडणाशिवाय होईल. तुमचं खाद्य ही गाठ सोडवत असेल तर ब्रँडला जागा आहे.

तुमचा प्रसंग वेगळा असू शकतो: पिल्लाला आईच्या दुधावरून काढणं, खाज, म्हाताऱ्या मांजराचं कमी पाणी पिणं. कसोटी तीच. दोन-चार दवाखान्यांच्या बाहेरच्या बाकावर बसून ऐका. मालक डॉक्टरांकडे काय बोलतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांत काय बोलतात, यातला फरक वहीत लिहून ठेवा. तुमचा कच्चा माल त्या फरकात आहे.

२. जाहिरातीआधी डॉक्टरांसाठीचं एक पान लिहा

हे पान आधी लिहायचं कारण साधं आहे. भावनेची भाषा नंतर कितीही बदलता येते, पण कारखान्यातून आलेले आकडे बदलता येत नाहीत. त्या आकड्यांना जे पेलवेल तेवढंच वचन मालकाला देता येतं.

पानावर काय असावं याचा आराखडा तयारच आहे. जगभरातल्या छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएनं, खाद्य निवडताना कंपनीला काय विचारावं हे सांगून ठेवलं आहे. सूत्र कुणी बनवलं आणि त्याचं शिक्षण काय, खाद्य कुठल्या कारखान्यात तयार होतं, कच्च्या आणि पक्क्या मालाच्या कुठल्या तपासण्या होतात, उष्मांक किती, कुठल्या वयासाठी ते ‘पूर्ण व संतुलित’ आहे, हे त्यातले मुख्य प्रश्न. डॉक्टरांची नवी पिढी हे प्रश्न कोळून प्यायलेली असते. उत्तर नसेल तिथे ‘सध्या नाही’ लिहा. दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेत असाल तर तेही लिहा. त्याची लाज नाही. लपवलेलं सापडलं तर मात्र दार कायमचं बंद होतं.

आता आपल्या उदाहरणातले आकडे. १०० ग्रॅम खाद्यात प्रथिनं २८, स्निग्धांश ९, तंतू ६, पाणी १० आणि राख, म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणारी खनिजं, ८ ग्रॅम. उरलेले ३९ ग्रॅम पिष्टमय पदार्थ. प्रथिनं आणि पिष्ट यांचे ग्रॅममागे ३.५ आणि स्निग्धांशाचे ८.५ किलोकॅलरी, असा प्राणिखाद्यासाठी रूढ हिशोब आहे. म्हणजे ९८ अधिक ७६.५ अधिक १३६.५, मिळून १०० ग्रॅमला ३११ किलोकॅलरी. राखेचा आकडा पाकिटावर नसेल तर डॉक्टरांना हे गणितच करता येत नाही, म्हणून तो छापा.

या एका गणितातून ब्रँडिंगचे दोन निर्णय आपोआप होतात.

पहिला, ‘लाइट’ हा शब्द वापरायचा नाही. अमेरिकेतल्या खाद्यनियंत्रकांच्या संघटनेच्या, म्हणजे आफ्कोच्या, नियमानुसार कुत्र्याच्या कोरड्या खाद्याला ‘लाइट’ म्हणायचं तर किलोला ३,१०० किलोकॅलरीच्या वर जाता येत नाही. आपलं ३,११० आहे. तो नियम भारतात बंधनकारक नाही आणि १० किलोकॅलरीनं कुत्र्याला काही फरक पडत नाही. पण आफ्कोचा तक्ता माहीत असलेल्या डॉक्टरांना तुम्ही शब्द मोजून वापरता की नाही हे इथेच कळतं. ‘लाइट’ म्हणायचंच असेल तर सूत्र बदला.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा. आफ्कोच्या तक्त्यात प्रौढ कुत्र्याला दर १,००० किलोकॅलरीमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. आपल्या खाद्यात ती ९० ग्रॅम आहेत. ही उधळपट्टी वाटेल, पण ३० किलोवर आणायच्या कुत्र्याला वजन उतरवताना खाद्यातून दिवसाला ८०० च्या आसपास किलोकॅलरीच मिळतात. किमान पातळीवरचं साधं खाद्य निम्मं करून दिलं तर उष्मांकांबरोबर प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि खनिजंही निम्मी होतात आणि कुत्रा चरबीबरोबर स्नायूही गमावतो. ‘आहे तेच कमी द्या’ या सल्ल्यातली ही उणीव डॉक्टरांना ठाऊक असते. तुमचं खाद्य ती कशी भरतं, हे पानाच्या पहिल्या तीन ओळींत आलं पाहिजे.

सापळा: दुसऱ्या ब्रँडशी प्रथिनांची तुलना करताना पाणी वजा करायला विसरू नका. आपल्या कोरड्या खाद्यात २८ टक्के आणि डब्यातल्या ओल्या खाद्यात ९ टक्के, म्हणून आपण तिप्पट सरस, असा तक्ता मी छापलेला पाहिला आहे. ओल्या खाद्यात ७८ टक्के पाणी असेल तर कोरड्या भागातली प्रथिनं ९ भागिले २२, म्हणजे जवळपास ४१ टक्के होतात. आपल्याकडे २८ भागिले ९०, म्हणजे ३१. तो तक्ता दाखवणाऱ्याला डॉक्टर पुन्हा वेळ देत नाहीत.

३. दोघांसमोर तेच बोलता येईल असं एक वाक्य

मालकाला एक आणि डॉक्टरांना दुसरंच सांगणारा ब्रँड फार टिकत नाही. मालक पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जातोच. म्हणून गाभ्याचं वाक्य एकच ठेवा आणि ते दोन भाषांत बोला.

आपल्या उदाहरणात गाभा असा: “नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी मोजून द्यायचं पूर्ण जेवण, ज्यात उष्मांक कमी झाले तरी पोषण कमी पडत नाही.” डॉक्टरांच्या पानावर याखाली आकडे येतात. मालकाच्या पाकिटावर ते होतं: “रोज मोजून, रोज मनापासून.”

वाक्य तयार झालं की दोन परीक्षा घ्या. ते ओळखीच्या पशुवैद्यकाला वाचून दाखवा आणि ‘हे तुमच्या भिंतीवर लावाल का?’ विचारा. मग तेच वाक्य कुत्रा पाळणाऱ्या एखाद्या मावशींना वाचून दाखवा आणि ‘यात तुमचा कुत्रा आहे का?’ विचारा. एकाही ठिकाणी चाचरत उत्तर आलं तर वाक्य परत लिहा.

‘पशुवैद्यकांनी सुचवलेलं’ हे वाक्य मोहात पाडतं, पण किती पशुवैद्यकांनी, कुठे, कशावरून, हे कागदावर नसेल तर ते खोटं आहे. ‘लठ्ठपणावर उपचार’ म्हटलं की तुम्ही औषधाच्या अंगणात पाय ठेवता. ‘केमिकलमुक्त’ या शब्दावर तर डॉक्टर हसतात. पाणीसुद्धा केमिकलच आहे.

‘धान्यविरहित’बद्दल दोन शब्द. मालकाला तो शब्द आवडतो, कुत्रा म्हणजे लांडगाच अशी त्यामागची कल्पना. पण जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध नियामकानं, म्हणजे एफडीएनं, हृदयाचे स्नायू पसरण्याच्या आजाराचा आणि मटार, मसूर, बटाटा वरच्या क्रमांकावर असलेल्या खाद्यांचा काही संबंध आहे का, याची चौकशी जाहीर केली. बरीचशी खाद्यं धान्यविरहित म्हणून विकली जाणारी होती. कार्यकारणाचा निर्णायक निकाल लागला नाही आणि २०२२ च्या अखेरीस एफडीएनं नियमित जाहीर माहिती देणं थांबवलं. तरी पशुवैद्यकांच्या मनात तो शब्द ठसून राहिला. मालकाला भुलवणारा आणि डॉक्टरांना सावध करणारा असा शब्द ज्या ब्रँडला दोघंही हवेत त्याच्यासाठी तोट्याचा. तांदूळ असेल तर अभिमानानं तांदूळ लिहा.

४. मालकाशी बोलताना अपराधीपणाला हात घालू नका

‘तुमच्या लाडामुळे त्याचं आयुष्य घटतंय’ अशी जाहिरात सुचते आणि ती परिणामकारकही वाटते. पण लाज वाटलेला माणूस पाकीट विकत घेत नाही, तो वजनाच्या काट्याकडे जाणंच टाळतो.

त्याऐवजी त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवा. लॅब्रडॉरवाल्यांसाठी एक माहिती फार उपयोगी पडते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे चारात एका लॅब्रडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचं वजन जास्त व अन्नाची ओढ तीव्र असते. म्हणजे जेवून उठल्यावर पाच मिनिटांत तोंडाकडे बघत बसणारा कुत्रा उपाशी असेलच असं नाही, त्याची घडणच तशी असू शकते. ही गोष्ट ऐकल्यावर मालकाचा चेहरा सैल होतो. “मी त्याला उपाशी ठेवतेय का?” हा प्रश्न मागे पडतो आणि मोजण्याबद्दल बोलता येतं.

मग खायला घालण्याचा आनंद हिरावून न घेता त्याला हद्द आखून द्या. हे आकड्यांत करू. लॅब्रडॉर ३६ किलोचा आहे आणि त्याचं योग्य वजन डॉक्टरांनी ३० ठरवलं आहे. विश्रांतीच्या उष्मांकाचं सूत्र आहे ७० गुणिले वजनाचा ०.७५ घात. साध्या कॅल्क्युलेटरवर ते असं करा: ३० ला ३० नं दोनदा गुणा, २७,००० येतील. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, १२.८ येईल. त्याला ७० नं गुणा, जवळपास ८९७ किलोकॅलरी. वजन उतरवताना पुष्कळ डॉक्टर योग्य वजनाच्या या आकड्यापासून सुरुवात करतात.

यातला १० टक्के भाग, म्हणजे ९० किलोकॅलरी, लाडासाठी राखून ठेवायचा. उरलेले ८०७ खाद्यातून, म्हणजे ३११ च्या हिशोबानं दिवसाला २६० ग्रॅम. लाडाच्या ९० मध्ये दोन ग्लुकोज बिस्किटं आणि १०० ग्रॅम गाजर बसतं. तूप लावलेली एक पोळी मात्र एकटीच ९० च्या पुढे जाऊ शकते. हा तक्ता आजीच्या हाती द्या. आजीला ‘देऊ नका’ म्हटलं तर ती चोरून देते. ‘रोज एवढं तुमच्या हातचं’ म्हटलं की तीच हिशोब ठेवते. तक्त्याच्या तळाशी कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कधीही नाहीत, एवढं ठळक छापा.

पाकिटासोबत प्लॅस्टिकचं माप देण्याची पद्धत आहे. मापानं मोजताना दर वेळी वेगळं वजन भरतं आणि छोट्या कुत्र्याच्या बाबतीत तो फरक मोठा ठरतो. माप द्यायचंच असेल तर सोबत ‘स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा’ असं लिहा. नव्या ग्राहकाला काटाच भेट देणं महाग नाही आणि ‘मोजून’ म्हणणाऱ्या ब्रँडला ते शोभतं.

पाकिटाचं वजनही याच हिशोबातून ठरवा. दिवसाला २६० ग्रॅम म्हणजे महिन्याला ७.८ किलो. १२ किलोवर आणायच्या बीगलला याच रीतीनं दिवसाला साधारण १३० ग्रॅम लागतात, म्हणजे महिन्याला ३.९. तर ८ आणि ४ किलोची पाकिटं काढा. आत एकेका आठवड्याच्या बंद पिशव्या ठेवा, कारण मुंबई-कोकणच्या दमटपणात उघडं पाकीट महिनाभर नीट राहत नाही, चरबीला खवट वास येतो. पाकीट संपलं की दवाखान्यात वजन, हा ठेका जमला की मालक, डॉक्टर आणि ब्रँड महिन्यातून एकदा एकत्र येतात. सगळ्या जाहिरातींपेक्षा मी हा ठेका जास्त कामाचा मानतो.

मोठ्यांदा सांगण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे अवधी. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के उतार सुरक्षित मानला जातो. ३६ किलोच्या कुत्र्याला ते ३६० ते ७२० ग्रॅम होतात. ६ किलो उतरायला तीन-चार महिने सहज लागतील आणि मध्येच वजन अडूनही बसेल. ‘३० दिवसांत फरक’ म्हणाल तर ३१ व्या दिवशी मालक आणि डॉक्टर दोघंही जातील.

५. पुरावा कुणाचा आणि दावा कुणाचा

सडपातळ कुत्रा जास्त जगतो, याचा भक्कम पुरावा आहे. ४८ लॅब्रडॉरांच्या २४ जोड्या लावून एका गटाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांधेदुखीचे उपचारही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागले. मालकाच्या काळजाला आणि डॉक्टरांच्या डोक्याला एकाच वेळी भिडणारी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

इथेच मोठा सापळा आहे. तो अभ्यास प्युरिना या प्राणिखाद्याच्या कंपनीचा होता आणि त्यानं कमी खाण्याचा परिणाम मोजला. तुमच्या खाद्यानं आयुष्य वाढतं, असं त्यातून निघत नाही. ‘मोजून खाणाऱ्या लॅब्रडॉरांच्या एका अभ्यासात असं दिसलं, आम्ही मोजणं सोपं करतो’ इथपर्यंत तुम्ही प्रामाणिक आहात. ‘आमच्या खाद्यानं १.८ वर्षं जास्त’ म्हणालात की खोटारडे.

स्वतःचा पुरावा हवा असेल तर लहान, पण नीट गोळा करा. तीन-चार दवाखान्यांतले वीसेक कुत्रे, १२ आठवडे, दर वेळी तोच काटा, शरीराची ठेवण १ म्हणजे हाडकुळा ते ९ म्हणजे लठ्ठ या मापावर डॉक्टरांनी ठरवलेली, घरच्या खाण्याची रोजनिशी. थायरॉइडसारखी कारणं असलेले कुत्रे डॉक्टरांनी आधीच बाजूला काढलेले. निकालात मध्येच सोडून गेलेल्यांची संख्या लिहा; डॉक्टर आधी तीच शोधतात. तुलनेचा गट नसेल तर याला ‘निरीक्षण’ म्हणा. ‘वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध’ म्हणू नका.

‘फीडिंग ट्रायल केली’ या शब्दांचाही रुबाब फार आहे. आफ्कोच्या पद्धतीत प्रौढ कुत्र्यांची चाचणी किमान ८ कुत्र्यांवर २६ आठवडे चालते. ढोबळ उणीव त्यात पकडली जाते, वर्षानुवर्षांचा सूक्ष्म परिणाम नाही. शिवाय आफ्को कुठल्याही खाद्याला मान्यता किंवा प्रमाणपत्र देत नाही, तेव्हा ‘आफ्कोमान्य’ कुठेही छापू नका. प्रयोगशाळेच्या अहवालाशी ताडून पाहिलं असेल तर ‘आफ्कोच्या प्रौढ कुत्र्यांच्या पोषणतक्त्याप्रमाणे सूत्र बांधलं आहे’ हे वाक्य पुरतं.

६. दवाखान्यात जाताना

डॉक्टरांकडे दोन पेशंटांच्या मधली पाच-सात मिनिटं असतात. प्रास्ताविक नको. पान द्या, उष्मांकांचा ३११ आणि प्रथिनांचा ९० हे दोन आकडे सांगा आणि विचारा, “यात तुम्हाला काय खटकतं?” जे खटकेल ते लिहून घ्या आणि पुढच्या भेटीत उत्तर घेऊन जा. विश्वास दुसऱ्या भेटीत बसायला लागतो.

कमिशनचा विषय लवकर निघतो, कधी समोरून, कधी तुमच्याच विक्रेत्याकडून. दवाखान्यात माल ठेवून विकला जात असेल तर त्यावरचं दुकानाचं मार्जिन उघड व्यवहार आहे. प्रत्येक चिठ्ठीमागे पैसे देणं वेगळं. पशुवैद्यकांच्या व्यावसायिक आचाराची भारतीय पशुवैद्यक परिषदेची नियमावली १९९२ पासून आहे, ती विक्रेत्यांच्या हाती देण्याआधी स्वतः वाचा. व्यवहाराच्या बाजूनंही पाहा: चिठ्ठी पैशानं मिळाली हे एका मालकाला कळलं की हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं आणि डॉक्टरांचं, दोघांचंही नाव जातं.

कमिशनऐवजी कामाच्या वस्तू द्या. शरीराच्या ठेवणीचा १ ते ९ चा मोठा मराठी तक्ता भिंतीसाठी. ४-५ ला बरगड्या हाताला सहज लागतात, हे चित्रात दिसलं की ताईंशी वाद होत नाही. वजनाची कार्डं. ग्रॅमचा हिशोब करून देणारी कोरी चिठ्ठी, जिच्यावर तुमच्या ब्रँडचं नाव खाली, बारीक. त्या चिठ्ठीवर दुसऱ्या ब्रँडचं खाद्यही लिहिता आलं पाहिजे. विक्रेते याला कडाडून विरोध करतात, तरी तसंच करा. ती चिठ्ठी डॉक्टर रोज वापरतात.

कुणा डॉक्टरांना जाहिरातीत घेणार असाल तर पैशाचा किंवा मालकीचा संबंध जाहिरातीतच सांगावा लागतो. फसव्या जाहिरातींबद्दलची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं ते मागतात. पांढरा कोट घातलेला मॉडेल डॉक्टर म्हणून उभा करण्याचा विचारही नको.

७. पाकीट आणि कागद

हे पटकन उरकतो. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वजनमाप नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, एककाची किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क लागतो. एफएसएसएआयचा शिक्का भरवशाची खूण म्हणून लावू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे आणि हे माहीत असलेला डॉक्टर त्या शिक्क्यानं उलट साशंक होतो. भारतीय मानक ब्यूरोचं कुत्रा-मांजरांच्या खाद्यासाठीचं मानक आयएस ११९६८ आहे, तुमचा माल त्याच्याशी ताडून घ्या.

दवाखान्यात जाण्याआधी फाइलमध्ये हे हवं:

- सूत्र बनवणाऱ्या पोषणतज्ज्ञाचं नाव, पदवी आणि सहीचं पत्र
- प्रयोगशाळेचा अलीकडचा अहवाल, राख आणि कॅल्शियम-फॉस्फरससह
- मक्यासारख्या धान्याच्या प्रत्येक लॉटचा अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीच्या विषाचा, अहवाल
- कारखान्याशी केलेला करार, ज्यात परवानगीशिवाय घटक न बदलण्याची अट आहे
- जुन्या खाद्यावरून नव्यावर येण्याचं ७ ते १० दिवसांचं मिसळण्याचं वेळापत्रक
- माल परत मागवायची वेळ आली तर कोण, कुणाला, किती वेळात फोन करणार, याचं एक पान

८. पहिली तक्रार

ती येणारच. बहुधा जुलाबाची, आणि बहुधा खाद्य एका दिवसात बदललं म्हणून. पण प्रत्येक तक्रार तीच असेल असं धरून चालू नका. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत स्पोर्टमिक्स या खाद्याचा माल अफ्लाटॉक्सिनमुळे परत मागवावा लागला आणि कुत्रे मेल्याच्या १०० हून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या. हे बुरशीचं विष यकृतावर जातं, ते मक्यात शिरतं आणि खाद्य शिजवलं तरी पूर्ण नाहीसं होत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात साठवलेल्या मक्याचा धोका वेगळा सांगायला नको. सुस्ती, उलट्या, खाणं सोडणं, डोळे-हिरड्या पिवळ्या दिसणं, यातलं काही फोनवर ऐकू आलं तर मालकाला ताबडतोब दवाखान्यात पाठवा आणि खाद्य थांबवायला सांगा. आधी पाठवा, बॅच नंतर विचारा.

फोन घेणाऱ्याला एवढं पाठ हवं: कुत्र्याचं वय-वजन, खाद्य कधी सुरू केलं, कसं मिसळलं, सोबत काय खाल्लं, बॅच क्रमांक, पाकिटाचा फोटो, उरलेलं खाद्य फेकू नका. त्याच दिवशी मालकाच्या डॉक्टरांना तुमच्या पोषणतज्ज्ञाचा फोन जायला हवा. विक्री अधिकाऱ्याचा नको. प्रत्येक बॅचचा नमुना तारीख संपल्यानंतरही काही महिने बंद ठेवलेला असेल तर तो तपासायला पाठवता येतो आणि अहवाल जसा येईल तसा दोघांनाही, एकाच ईमेलमध्ये पाठवा. एकाच बॅचच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या दवाखान्यांतून आल्या तर अहवालाची वाट न पाहता त्या बॅचची विक्री थांबवा आणि ज्या दवाखान्यांत ती गेली आहे त्यांना स्वतः कळवा, त्यांना ते मालकाकडून कळण्याआधी.